सामाईक चारीची देखभाल आणि फुकट लाभार्थी : राजकीय अर्थशास्त्राच्या निबंधासाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बडोद्यात अर्थशास्त्र शिकणारे मराठी विद्यार्थी सामाईक सिंचनावर निबंध लिहायला घेतात, तेव्हा त्यांच्या शंका बहुतेक त्याच त्या असतात. डभोई, पादरा, करजण या तालुक्यांतल्या चाऱ्या त्यांच्या डोळ्यांसमोर असतात, पुस्तकातली व्याख्याही पाठ असते, पण या दोहोंचा सांधा जुळत नाही. तो जुळावा म्हणून हे प्रश्न आणि त्यांची उत्तरे येथे एकत्र केली आहेत. उत्तरांतील रुपयांचे आकडे हिशेब समजावा म्हणून गृहीत धरलेले आहेत. ते कोणत्याही विशिष्ट गावाचे नाहीत.

सिंचनाची चारी ही सार्वजनिक वस्तू आहे, असे निबंधात लिहावे का?

सरसकट तसे लिहू नये. पॉल सॅम्युएलसन यांनी 1954 मध्ये जी कसोटी मांडली, तिच्यानुसार एकाने उपभोग घेतल्याने दुसऱ्याच्या वाट्याला कमी येत नसेल, तरच ती वस्तू शुद्ध अर्थाने सार्वजनिक ठरते. पुढे तिला दुसरी अट जोडली गेली, ती अशी की पैसे न देणाऱ्यालाही त्या वस्तूच्या लाभातून वगळता येऊ नये. चारीतले पाणी पहिल्याच अटीत नापास होते. वरच्या शेतकऱ्याने एक तास जास्त पाणी घेतले, तर खालच्याच्या गव्हाला तेवढेच कमी मिळते. म्हणून पाणी ही सामाईक साठ्यातली वस्तू आहे, सार्वजनिक वस्तू नव्हे.

चारीची देखभाल मात्र सार्वजनिक वस्तूच्या बरीच जवळ जाते. पावसाळ्यानंतर गाळ उपसला, पाणकणीस मुळासकट काढले आणि खचलेली कड बांधून घेतली, की चारीची वहनक्षमता वाढते आणि तिचा लाभ खालच्या सगळ्यांना होतो. जो सफाईला आला नाही त्याच्या शेतावरूनही तीच चारी वाहते, आणि फक्त त्याच्यापुरती ती पुन्हा गाळाने भरून टाकता येत नाही. पाणी आणि देखभाल या दोन वेगवेगळ्या वस्तू एकाच खड्ड्यातून वाहतात, एवढे पहिल्या परिच्छेदात स्पष्ट केले तर पुढचा निबंध भरकटत नाही.

फुकट लाभार्थी म्हणजे नेमका कोण? आळशी किंवा स्वार्थी शेतकरी का?

नाही. ज्याला आपण फ्री रायडर म्हणतो, त्याच्या स्वभावाशी या संकल्पनेचा संबंध नाही. संबंध आहे तो त्याच्यापुढे असलेल्या हिशेबाशी. तो एकदा आकड्यांत मांडून पाहू.

चारी 1,800 मीटर लांब आहे. तिच्यावर 30 शेतकरी आहेत आणि प्रत्येकाची जमीन सारखीच आहे. रब्बीच्या आधी पूर्ण सफाईला 120 दिवसांची मजुरी लागते. मजुरी दिवसाला 400 रुपये धरली, तर एकूण खर्च 48,000 रुपये होतो, म्हणजे माणशी चार दिवस किंवा 1,600 रुपये. साफ चारीमुळे सगळ्यांचे मिळून 1,20,000 रुपयांचे जादा पीक येते असे धरू, आणि तूर्त असेही धरू की ते सगळ्यांना सारखेच मिळते, म्हणजे प्रत्येकी 4,000 रुपये. सगळे कामाला आले तर प्रत्येकाच्या पदरात 2,400 रुपये उरतात. सौदा सर्वांच्याच फायद्याचा आहे.

आता एकट्या शेतकऱ्याच्या जागी उभे राहून पाहा. त्याच्या चार दिवसांच्या श्रमाने एकूण लाभात तिसावा हिस्सा, म्हणजे 4,000 रुपयांची भर पडते. पण ती भर तीस जणांत वाटली जाते, आणि त्याच्या स्वतःच्या वाट्याला त्यातले सुमारे 133 रुपयेच येतात. त्यासाठी त्याला 1,600 रुपयांचे श्रम मोजावे लागतात. इतर 29 जण आले तरी तो घरी राहणेच पसंत करील आणि कोणीच आले नाही तरीही घरीच राहील. सगळ्यांनी असाच हिशेब केला, की चारी गाळाने भरलेली राहते आणि प्रत्येकाचे 2,400 रुपये बुडतात. सार्वजनिक वस्तूच्या प्रश्नाचा गाभा 4,000 आणि 133 यांच्यातल्या या दरीत आहे. निबंधात ‘मनुष्य स्वभावतः स्वार्थी असल्यामुळे’ अशी सुरुवात करणारे विद्यार्थी ही दरी दाखवायचे विसरतात.

तीस माणसे एकमेकांना ओळखतात. ती बसून ठरवू शकत नाहीत का?

ठरवू शकतात, आणि ही शक्यता निबंधात गांभीर्याने घ्यावी. डेव्हिड ह्यूम यांनी 1740 मध्येच सामाईक कुरणातले साचलेले पाणी काढून देण्याचे उदाहरण दिले होते. दोन शेजारी सहज सहमत होतात, कारण एकाने अंग काढून घेतले तर काम बुडणार हे दोघांनाही तिथल्या तिथे दिसते. हजार माणसांचे मात्र जमत नाही, कारण प्रत्येकजण आपला भार दुसऱ्यावर टाकायला निमित्त शोधतो. मॅन्सर ओल्सन यांनी 1965 मध्ये याच विचाराला सिद्धांताचे रूप दिले. मोठ्या गटात केवळ सामाईक हित पुरत नाही. काम करणाऱ्याला वेगळे काहीतरी मिळाले पाहिजे किंवा न करणाऱ्याचे वेगळे काहीतरी गेले पाहिजे, असे त्यांचे म्हणणे होते.

आपले तीस शेतकरी या दोन टोकांच्या मध्ये आहेत. ओळख आहे, म्हणून बैठक होते. पण एकटा गैरहजर राहिला तर काम अडत नाही, म्हणून पळवाटही आहे. चारीच्या बाबतीत ‘वेगळे काहीतरी’ शोधायला लांब जावे लागत नाही. ते म्हणजे पाण्याची पाळी. देखभालीतून कोणाला वगळता येत नसले, तरी पाण्यातून वगळता येते. जो सफाईला आला नाही त्याची पाळी शेवटी जाईल किंवा त्याला एका पाळीमागे ठरलेली रक्कम भरावी लागेल, असा नियम झाला, की वगळता न येणारी वस्तू वगळता येणाऱ्या वस्तूला बांधली जाते.

वरच्या टोकाचे शेतकरी सफाईला येत नाहीत. तेच खरे फुकट लाभार्थी ना?

हा निबंधातला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे, आणि बहुतेक निबंध येथेच चुकतात. आत्तापर्यंत आपण सगळ्यांचा लाभ सारखा धरला होता. प्रत्यक्ष चारीवर तो कधीच सारखा नसतो.

तीस जणांचे तीन गट करू : तोंडाशी दहा, मध्यावर दहा, शेवटी दहा. तोंडाशी असलेल्यांना गाळाने भरलेल्या चारीतूनही पाणी मिळतेच, किंबहुना पुढे अडथळा असला की त्यांच्याजवळ पाण्याची पातळी चढते. म्हणून सफाईचा त्यांना माणशी 500 रुपयांचाच लाभ होतो असे धरू. मधल्यांना 3,500 आणि शेवटच्यांना 8,000. बेरीज तीच, 1,20,000. आता प्रत्येकी 1,600 रुपयांची समान वर्गणी लावली, तर सगळ्यांनी प्रामाणिकपणे भरल्यावरसुद्धा तोंडाशी असलेल्या प्रत्येकाचे 1,100 रुपयांचे नुकसान होते.

फुकट लाभार्थी तो, ज्याला सर्वांच्या सहभागातून फायदा होतो आणि तरी जो आपला वाटा चुकवतो. वरचा शेतकरी वाटा चुकवत नाही. तो त्याला तोट्यात घालणारा करार नाकारतो. बाहेरून दोघे सारखेच दिसतात, कारण दोघांच्याही हातात फावडे नसते. पण उपाय वेगळे आहेत. पहिल्याला हजेरी आणि दंड पुरतो. दुसऱ्यावर दंड लादला तर दहा घरे एकजुटीने नियमाविरुद्ध उभी राहतात. चारीचे तोंड आणि बहुधा गावातली वजनदार जमीनही त्यांच्याच हातात असल्यामुळे तो नियम एका हंगामापलीकडे टिकत नाही. राजकीय अर्थशास्त्रातला ‘राजकीय’ हा शब्द येथे आपले काम करतो, हे निबंधात ठळकपणे यावे असे मला वाटते.

मग वर्गणी लाभाच्या प्रमाणात घ्यावी का?

कागदावर हे उत्तर बरोबर आहे. एकूण खर्च एकूण लाभाच्या 40 टक्के असल्याने वरच्याने 200, मधल्याने 1,400 आणि शेवटच्याने 3,200 रुपये दिले, की सर्वांचाच फायदा होतो. अडचण अशी, की आपल्याला किती लाभ झाला हे ज्याचे त्यालाच ठाऊक असते, आणि सांगितलेल्या लाभावर वर्गणी ठरणार म्हटल्यावर प्रत्येकजण तो कमी करूनच सांगणार. फुकट लाभाचा प्रश्न मागच्या दाराने पुन्हा आत येतो.

म्हणून मोजता येणारा आधार शोधावा लागतो, आणि चारीवर तो लांबीचा असतो. प्रत्येकाला आपल्या मोरीच्या, म्हणजे जिथून पाणी शेतात वळते त्या तोंडाच्या, वरचा भाग साफ हवा असतो; खालच्या भागाशी त्याला कर्तव्य नसते. त्यामुळे पहिल्या 600 मीटरचा खर्च तिघा गटांनी, मधल्या 600 मीटरचा खालच्या दोन गटांनी आणि शेवटच्या 600 मीटरचा शेवटच्या गटाने करावा, असा नियम केला तर काय होते ते पाहू. प्रत्येक भागाचा खर्च 16,000 रुपये. वरच्याला सुमारे 533, मधल्याला 1,333 आणि शेवटच्याला 2,933 रुपये पडतात. वरच्याची तूट 1,100 वरून 33 रुपयांवर आली. कोणाला काही कबूल करायला लावले नाही, फक्त टेप लावून मोजले.

ही तेहतीस रुपयांची तूट अशीच सोडून देऊ नये. तिचा अर्थ असा, की वरच्या गटाला ओढण्यासाठी आता थोडेसेच काहीतरी पुरते. फुटलेली कड आधी त्यांच्या बाजूची बांधली जाईल एवढे आश्वासनही चालू शकेल. समान वर्गणीच्या काळात असे आश्वासन कुचकामी ठरले असते.

या नियमाची मर्यादाही लिहावी. मध्यावर कोणी मोठा शेतकरी असेल तर तो लांबीने कमी आणि क्षेत्राने जास्त असतो. अशा ठिकाणी लांबी आणि हेक्टर या दोहोंचा मेळ घालावा लागतो, आणि हिशेब जितका गुंतागुंतीचा होतो तितका तो बैठकीत पटवणे अवघड जाते.

अर्धेच लोक आले तर अर्धा लाभ होतो का?

बहुधा नाही. मातीच्या चारीत पाणी किती वाहील हे तिच्या सर्वांत अरुंद आणि सर्वांत खडबडीत भागावर पुष्कळसे अवलंबून असते. उतार आणि पाण्याची खोली तीच ठेवून, गवतामुळे तळाचा खडबडीतपणा दुप्पट झाला, तर प्रवाह निम्मा होतो. अभियंते वापरतात ते मॅनिंगचे सूत्र हेच सांगते. म्हणून 1,700 मीटर चारी आरशासारखी केली आणि रस्त्याखालच्या मोरीत गाळ तसाच ठेवला, तर शेवटच्या शेतकऱ्याच्या हाती जवळपास काहीच लागत नाही.

डभोईजवळच्या एका चारीवर मी हे पाहिले आहे. आमच्या काकांबरोबर सकाळी तिथे गेलो, तेव्हा आठ-नऊ माणसे फावडी घेऊन आली होती, पण बांधावर बसून होती. कोणी काम सुरू करीत नव्हते. पलीकडच्या वाडीची माणसे वळणावर दिसली, तेव्हा ही मंडळी उठली आणि मोरीत उतरली. काका एवढेच म्हणाले, “ते आले नसते तर मोरी कोण काढणार होते? आणि मोरी निघणार नसेल तर इथे कंबर कशाला मोडायची?”

त्या बसून राहण्याला फुकटेपणा म्हणणे चूक ठरेल. ज्या कामात एक दुवा निसटला की सगळे वाया जाते, तिथे प्रत्येकजण दुसरे येतील या खात्रीची वाट पाहतो. अर्थशास्त्रात याला भरवशाचा खेळ म्हणतात. त्यात दंडापेक्षा खात्री देणारी व्यवस्था जास्त उपयोगी पडते : ठरलेला दिवस, मोरीपासून सुरुवात, आणि सर्वांसमोर हजेरी. पहिल्या हिशेबातला खेळ वेगळा होता : तिथे इतर आले तरी घरी राहणेच परवडत होते, आणि त्याला कैद्यांचा पेच म्हणतात. आपल्या चारीवर या दोहोंपैकी कोणता खेळ चालू आहे, हे न पाहता निबंधात कैद्यांच्या पेचाची आकृती काढणे म्हणजे निदान न करता औषध देणे होय.

सरकारने चारी पक्की बांधून दिली तर प्रश्न मिटतो ना?

काही ठिकाणी मिटतो, आणि काही ठिकाणी बिघडतो. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना 2009 मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेपाळमधील सिंचन व्यवस्थांचा तुलनात्मक अभ्यास केला. दगड, माती आणि झाडोऱ्याचे कच्चे बंधारे असलेल्या, शेतकऱ्यांनी स्वतः चालवलेल्या अनेक व्यवस्थांमध्ये शेवटच्या टोकापर्यंत पाणी पोहोचण्याचे प्रमाण, पक्के बंधारे असलेल्या सरकारी व्यवस्थांपेक्षा चांगले आढळले.

कारण वरच्या हिशेबातच आहे. कच्चा बंधारा पुरात वाहून जातो आणि दरवर्षी पुन्हा बांधावा लागतो. त्यासाठी वरच्या शेतकऱ्यांना खालच्यांच्या श्रमाची गरज असते, आणि खालचे त्या श्रमाच्या बदल्यात पाण्याचा वाटा मागू शकतात. बंधारा पक्का झाला की वरच्यांची गरज संपते, आणि त्याबरोबर खालच्यांचा सौद्यातला जोरही संपतो. बांधकाम चांगले झाले, पण वाटाघाट मोडली.

खानदेशातल्या फड पद्धतीत हाच प्रश्न वेगळ्या तऱ्हेने सोडवलेला होता. पांझरेसारख्या नद्यांवरच्या बंधाऱ्यांखालचे क्षेत्र फडांत विभागलेले असे, एका फडात एकच पीक घेतले जाई, आणि बऱ्याच शेतकऱ्यांची जमीन एकापेक्षा अधिक फडांत असे. जो एका फडात वरचा, तो दुसऱ्यात खालचा असू शकतो. मग वरच्यांचा म्हणून एक कायमचा पक्ष उभाच राहत नाही. पाणी सोडायला पाटकरी असल्यामुळे मोरी कोणी किती वेळ उघडी ठेवायची, हा वाद शेजाऱ्या-शेजाऱ्यांत होत नसे.

आपल्याकडे पियत मंडळ्या, म्हणजे पाणी वापरणाऱ्या शेतकऱ्यांच्या संस्था आहेत. त्यांच्याबद्दल काय लिहावे?

गुजरातमध्ये 2007 मध्ये पाणी वापरणाऱ्यांच्या सहभागातून सिंचन व्यवस्थापन करण्याचा कायदा झाला, आणि नर्मदा प्रकल्पाच्या क्षेत्रात गावपातळीवरच्या पियत मंडळ्यांनी खालच्या चाऱ्या सांभाळाव्यात अशी रचना आहे. तिच्यामागची कल्पना समजून घेण्यासारखी आहे. पाणी मंडळीला घाऊक द्यायचे आणि वसुली, वाटप, दुरुस्ती मंडळीने करायची. असे झाले तर पाळी आणि सफाई एकाच हातात येतात, आणि वर सांगितलेली बांधणी शक्य होते.

कायद्याने मंडळी मिळते, तिच्या हातात मोरीची किल्ली मात्र आपोआप येत नाही. नर्मदा क्षेत्रात अनेक ठिकाणी शेतातल्या चाऱ्यांसाठी जमीन द्यायला शेतकरी तयार झाले नाहीत, आणि कालव्यातून डिझेल पंप आणि रबरी पाइपाने थेट पाणी उचलणे सुरू झाले. ज्याचा पंप कालव्यात आहे, त्याची पाळी मंडळी रोखणार कशी? त्याला चारीच्या सफाईतही रस उरत नाही, कारण तो चारी वापरतच नाही. पुढे राज्याने जमिनीखालच्या पाइपलाइनचा मार्ग धरला. त्यामुळे जमीन देण्याचा वाद कमी होतो आणि गाळ उपसण्याचे कामही घटते, पण व्हॉल्व्ह कोण उघडणार हा प्रश्न तसाच राहतो. निबंधात मंडळीची नोंदणी झाली एवढ्यावर समाधान मानू नये. पाळी थांबवण्याचा अधिकार तिने शेवटचा कधी वापरला, हे विचारावे.

एका दिवसाच्या भेटीत हे सगळे कसे ओळखायचे?

शक्य तर दिवाळीच्या आसपास, रब्बीचे पहिले पाणी सुटते तेव्हा जावे, आणि शेवटच्या शेतापासून वर चालत यावे. वरून खाली गेलात तर तुमच्याशी बोलणारे पहिले दहा जण तोंडाशी असलेलेच असतील आणि सगळे ठीक आहे असे सांगतील. बांबूची एक काठी घ्या, तिच्यावर सेंटिमीटरच्या खुणा करा, आणि प्रत्येक मोरीच्या वर पाण्याची खोली व तळातल्या गाळाची जाडी लिहून घ्या. वरच्या भागात गाळ कमी आणि खाली जाडच जाड असेल, तर लोक आपापल्या मोरीपर्यंतच काम करतात. सगळीकडे सारखाच जाड असेल तर कोणीच करीत नाही. एकाच मोरीत गच्च भरलेला आणि बाकी तळ साफ असेल, तर त्या मोरीची जबाबदारी कोणाची यावर वाद आहे असे समजा.

पाणी वर सुटल्यापासून शेवटच्या शेतात किती तासांनी पोहोचले तेही टिपा, आणि गेल्या वर्षी किती तास लागले होते ते शेवटच्या शेतकऱ्याला विचारा. त्याला ते नेमके आठवत असते, कारण तेवढे तास तो रात्री बॅटरी घेऊन बांधावर उभा असतो.